आलेखाच्या शीर्षकात निष्कर्ष कसा लिहावा: बाल लिंग गुणोत्तराचा एक आलेख घेऊन

‘महाराष्ट्रातील लिंग गुणोत्तर व बाल लिंग गुणोत्तर (१९९१–२०११)’. असे शीर्षक असलेला आलेख आरोग्य विभागाच्या अहवालात, एखाद्या संस्थेच्या सादरीकरणात किंवा विद्यार्थ्याच्या प्रबंधात हमखास सापडतो. त्यात चुकीचे काहीच नाही. पण ते वाचून एवढेच कळते की आलेखात काय मांडले आहे. त्यातून काय दिसते, हे वाचकाने स्वतःच हुडकायचे. सभेत पडद्यावर आलेख झळकतो, बोलणारा पुढे सरकतो आणि समोरच्या दहा जणांनी दहा वेगळ्या गोष्टी टिपलेल्या असतात, किंवा एकही नाही.

याच आलेखाचे शीर्षक नीट लिहायचे तर काय काय करावे लागते, ते इथे एकेक पायरी घेऊन पाहू. आकडे जनगणनेचे आहेत. पहिला स्तंभ दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती ते सांगतो. दुसरा सहा वर्षांपर्यंतच्या बालकांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली किती ते सांगतो.

| जनगणना | एकूण | ० ते ६ वर्षे |
|---|---|---|
| १९९१ | ९३४ | ९४६ |
| २००१ | ९२२ | ९१३ |
| २०११ | ९२९ | ८९४ |

## जुने शीर्षक टाकू नका, खाली सरकवा

निष्कर्ष वर लिहायचा म्हटले की अनेक जण मोजमापाची माहितीच उडवून देतात. मग ‘मुलींचे प्रमाण घसरले’ एवढेच उरते. कुठले प्रमाण, कुठल्या वयाचे, कुठे, कधी, हे प्रश्न तसेच राहतात. म्हणून पहिली पायरी अगदी यांत्रिक आहे. जे शीर्षक आहे ते जसेच्या तसे उचला आणि उपशीर्षकाच्या जागी लहान अक्षरांत ठेवा. तिथे ते जास्त कामाचे ठरते, कारण तिथे एकक लिहायला जागा मिळते: ‘महाराष्ट्र, १९९१ ते २०११. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली’. सर्वांत खाली स्रोत. आता वरची ओळ रिकामी झाली आणि ती फक्त निष्कर्षासाठी मोकळी आहे.

## चार वाक्ये लिहा, मग निवडा

रिकाम्या ओळीत थेट अंतिम वाक्य लिहायचा हट्ट धरू नका. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने ‘काय आलं त्यात?’ असे विचारले तर जे तोंडातून निघेल ते कागदावर उतरवा, आणि एकावर न थांबता तीन-चार वाक्ये लिहा. वरच्या सहा आकड्यांतून मला ही चार मिळतात:

१. महाराष्ट्रात बाल लिंग गुणोत्तर वीस वर्षांत ९४६ वरून ८९४ वर आले.

२. एकूण लिंग गुणोत्तर २००१ नंतर किंचित सावरले, बालकांचे मात्र घसरतच राहिले.

३. बाल लिंग गुणोत्तराची घसरण २००१ नंतर मंदावली.

४. १९९१ मध्ये बालकांचे गुणोत्तर एकूण गुणोत्तरापेक्षा वर होते. २०११ मध्ये ते ३५ ने खाली होते.

चारही खरी आहेत. आकडे तेच, तरी प्रत्येक वाक्य वाचकाची नजर वेगळ्या ठिकाणी नेते. पहिल्यासाठी एकच रेषा पुरते. दुसऱ्यासाठी दोन रेषा लागतात आणि नजर २००१ ते २०११ या तुकड्यावर थांबावी लागते. तिसरे वाक्य गुणोत्तरापेक्षा त्याच्या उताराबद्दल बोलते: पहिल्या दशकात ३३ ची घट, दुसऱ्यात १९ ची. चौथे दोन रेषांमधल्या अंतराबद्दल आहे, आणि त्या रेषा एकमेकींना छेदतात हेच त्याचे मर्म आहे.

मग निवडायचे कसे? आलेख कोणासमोर जाणार आणि तिथे कोणता प्रश्न टेबलावर आहे, यावरून. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या बैठकीत कोणी तरी ‘२०११ मध्ये गुणोत्तर सुधारलंय की’ असे म्हणणार असेल, तर दुसरे वाक्य घ्यावे. एकूण गुणोत्तर सुधारले म्हणून मुलींची स्थिती सुधारली, हा गैरसमज तेच वाक्य दूर करते. एकूण आकड्यात कामासाठी राज्यात येणारे पुरुष, स्त्रियांचे लांबलेले आयुष्य असे बरेच काही मिसळलेले असते. सहा वर्षांखालच्या आकड्यात त्यातले फारसे काही नसते, म्हणून जन्माआधी आणि जन्मानंतरच्या पहिल्या वर्षांत काय चालले आहे याची खूण तिथे जास्त स्पष्ट दिसते. मी इथे दुसरे वाक्य धरून पुढे जातो.

एका आलेखाला दोन निष्कर्ष सारखेच महत्त्वाचे वाटत असतील, तर ‘आणि’ जोडून लांब शीर्षक करण्याऐवजी दोन आलेख करा. दुसऱ्या वाक्यात ‘मात्र’ आहे, पण तिथे निष्कर्ष एकच आहे: दोन आकडे विरुद्ध दिशांना गेले.

## झाकून पाहा

वाक्य ठरले की ते हाताने झाका आणि आलेख अशा माणसाला दाखवा ज्याने हे आकडे पाहिलेले नाहीत. त्याला विचारा, काय दिसते? त्याने तुमच्या वाक्याजवळ जाणारे काही सांगितले, तर शीर्षक आणि चित्र एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत. त्याने ‘दोन्ही खाली गेल्या’ असे सांगितले, तर तेही चुकीचे नाही. ९३४ वरून ९२९ म्हणजे वीस वर्षांचा हिशेब धरला तर एकूण रेषाही खालीच आहे. अशा वेळी दोष वाचकाचा नसतो. शीर्षक शेवटच्या दशकाबद्दल बोलते आणि चित्र तिन्ही जनगणनांना सारखेच वजन देते, म्हणून दोघांचा मेळ बसत नाही.

उलटी परीक्षा मला जास्त उपयोगी वाटते. शीर्षक उघडे ठेवा आणि एखाद्या खवट सहकाऱ्याला सांगा, ‘याच आलेखावरून हे खोटं ठरवून दाखव.’ दुसऱ्या वाक्यात ‘किंचित’ हा शब्द याच परीक्षेतून येतो. नुसते ‘सावरले’ म्हटले तर तो लगेच बोट ठेवेल, की ९२९ अजून १९९१ च्या ९३४ पर्यंतसुद्धा पोहोचलेले नाही. ‘सुधारले’ म्हटले असते तर आणखी अडचण झाली असती.

## क्रियापद जेवढे, तेवढाच पुरावा

नाव सांगणाऱ्या शीर्षकात क्रियापद नसते. निष्कर्षाच्या शीर्षकात ते आले की काम सुरू होते, कारण सगळा भार त्याच्यावर पडतो. ‘कोसळले’, ‘गडगडले’, ‘घसरले’, ‘उतरले’ या सगळ्यांची दिशा एकच, पण प्रत्येकाचा आवाज वेगळा. ९१३ वरून ८९४ याला ‘कोसळले’ म्हणणे मला पटत नाही. पण उभा अक्ष ८८० पासून सुरू केला तर रेषा खरोखर कड्यावरून पडल्यासारखी दिसते आणि शीर्षक लिहिणारा हात आपोआप ‘कोसळले’ कडे वळतो. रेषालेखात अक्ष शून्यापासून सुरू करण्याची सक्ती नाही. या आकड्यांना शून्यापासून काढले तर दोन्ही रेषा सपाट दिसतील आणि काहीच कळणार नाही. म्हणून क्रियापद चित्राच्या चढ-उतारावरून निवडू नका, आकड्यांच्या फरकावरून निवडा.

फरक मोठा की लहान हे ठरवायला मात्र एखादा संदर्भ लागतो. निसर्गतः जन्मावेळी साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे असतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. आलेखावर ९५० ला एक फिकट आडवी रेघ मारली की १९९१ चा बिंदू तिच्याजवळ आणि २०११ चा बराच खाली दिसतो. ती रेघ मारल्यावर ‘घसरतच राहिले’ हा शब्दप्रयोग भडक वाटत नाही, जेवढ्यास तेवढा वाटतो.

काळाचेही तसेच. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे या आलेखाखाली ‘मुलींचे प्रमाण घसरते आहे’ असे वर्तमानकाळात लिहिता येत नाही. २०११ नंतर काय झाले याबद्दल हा आलेख मुका आहे. ‘घसरतच राहिले’ हा भूतकाळ आणि उपशीर्षकातले ‘१९९१ ते २०११’ एवढ्यावर भागते.

आणखी एक घसरगुंडी म्हणजे ‘मुलींची संख्या घटली’. गुणोत्तर घटले म्हणून संख्या घटतेच असे नाही. दोन्ही वाढूनही मुलगे जास्त वेगाने वाढले तर गुणोत्तर खाली येते. आलेख गुणोत्तराचा असेल तर शीर्षकही गुणोत्तराचेच असावे. टक्क्यांच्या आलेखात असाच घोळ होतो. वाटा ४० टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर गेला तर वाढ ४ टक्के की १० टक्के, यावर वाद घालण्यापेक्षा ‘४० वरून ४४ टक्क्यांवर’ असे लिहावे. मराठीत ‘वरून… वर’ ही रचना इतकी सोयीची आहे की वादच उरत नाही.

## आकडे तात्पुरते की अंतिम

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण या आलेखात सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. २०११ च्या जनगणनेचे तात्पुरते आकडे आधी आले, तेव्हा महाराष्ट्राचे बाल लिंग गुणोत्तर ८८३ सांगितले गेले. अंतिम आकडा ८९४ आला. जुने लेख, सादरीकरणे, अगदी काही सरकारी पुस्तिकाही अजून ८८३ च वापरताना दिसतात.

आता वरचे तिसरे वाक्य आठवा: ‘घसरण २००१ नंतर मंदावली’. अंतिम आकडा धरला तर पहिल्या दशकात ३३ आणि दुसऱ्यात १९, म्हणजे वाक्य ठाम उभे राहते. तात्पुरता धरला तर ३३ आणि ३०. मंदावली म्हणायला जीभ धजावणार नाही. याउलट दुसरे वाक्य दोन्ही आकड्यांवर टिकते, कारण ते फक्त दिशा सांगते. तात्पुरत्या मोजणीत एकूण गुणोत्तर ९२५ होते, म्हणजे तेही ९२२ च्या वरच.

नाव सांगणाऱ्या शीर्षकाला याने काही फरक पडत नाही. ‘लिंग गुणोत्तर, १९९१–२०११’ हे ८८३ वरही चालते आणि ८९४ वरही. निष्कर्षाचे शीर्षक मात्र आकड्यांच्या आवृत्तीला बांधलेले असते. म्हणून शीर्षक पक्के करण्याआधी एक हिशेब करा: माझा शेवटचा आकडा थोडा बदलला तर हे वाक्य मोडते का? मोडत असेल तर एक तर स्रोतात ‘अंतिम आकडे’ असे स्पष्ट लिहा, नाही तर कमी दावा करणारे वाक्य घ्या. नमुना सर्वेक्षणाच्या आकड्यांत तर हे आणखी जपून करावे लागते. तिथे दोन बिंदूंमधला फरक अंदाजाच्या चुकीइतकाच असू शकतो, आणि मग ‘वाढले’ हा शब्दच लिहिता येत नाही.

## ‘मुळे’ला हात लावण्याआधी

निष्कर्ष लिहायला सुरुवात केली की पुढचा मोह कारणाचा होतो. ‘कायद्यामुळे घसरण मंदावली’ हे शीर्षक किती सहज सुचते बघा. महाराष्ट्राने गर्भलिंगचाचणीवर निर्बंध घालणारा कायदा १९८८ मध्येच केला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि तो २००३ मध्ये दुरुस्तीने अधिक कडक झाला. आता याच आलेखावर कोणी ‘दोन कायदे होऊनही ३३ ची घसरण’ असे शीर्षक लिहिले तर ते चुकीचे कसे म्हणाल? पहिल्या दशकाबद्दल तेही आकड्यांत बसते. एकाच चित्रावर दोन परस्परविरोधी कारणकथा बसतात, याचा अर्थ चित्राकडे कारणाचा पुरावा नाही. कारण सांगायचे असेल तर ते मजकुरात सांगा, तिथे त्याच्या बाजूने आणि विरुद्ध काय आहे ते मांडायला जागा असते. शीर्षकात ‘मुळे’ किंवा ‘परिणामी’ आले की पेन थांबवा. ‘नंतर’ चालते, पण तेही बेताने. वाचक ‘नंतर’ वाचून मनात ‘मुळे’ म्हणतो. आपल्या वाक्यात ‘२००१ नंतर’ आहे ते खपते, कारण २००१ हे जनगणनेचे वर्ष आहे, कुठल्या कायद्याचे नाही.

‘सर्वत्र’, ‘सगळीकडे’, ‘सातत्याने’ या शब्दांकडेही संशयाने पाहा. राज्याचा आकडा घसरला म्हणून सगळ्या जिल्ह्यांचा घसरला असे नव्हते. २००१ ते २०११ मध्ये बीडचे बाल लिंग गुणोत्तर ८९४ वरून ८०७ वर आले. त्याच दशकात कोल्हापूरचे ८३९ वरून ८६३ वर आणि सांगलीचे ८५१ वरून ८६७ वर गेले. हा वेगळा आलेख आहे आणि त्याचे शीर्षकही वेगळे होईल: ‘दहा वर्षांत बीड ८७ ने खाली, कोल्हापूर-सांगली मात्र वर’. राज्याच्या शीर्षकात ‘सर्वत्र’ घातले असते तर कोल्हापूरच्या वाचकाने ते पहिल्याच मिनिटात खोडले असते.

## आता चित्र शीर्षकाच्या मागे न्या

वाक्य ठरल्यावर आलेख परत उघडा. बालकांची रेषा गडद आणि जाड करा, एकूण रेषा करडी. शीर्षकात ज्या आकड्यांचा आधार आहे तेवढेच आकडे बिंदूंवर लिहा: २००१ आणि २०११ चे चार. रेषांची नावे रेषांच्या टोकाला लिहा आणि बाजूची रंगसूची काढून टाका. हे केल्यावर झाकून पाहण्याची परीक्षा परत घ्या. आधी ‘दोन्ही खाली गेल्या’ म्हणणारा माणूस आता बहुधा उजव्या टोकाबद्दल बोलू लागतो.

आर वापरत असाल तर `ggplot2` मध्ये तिन्ही जागा तयारच असतात, त्यांचा वापर ठरलेल्या क्रमाने करावा:

```r
labs(
  title = "एकूण लिंग गुणोत्तर २००१ नंतर किंचित सावरले,\nबालकांचे मात्र घसरतच राहिले",
  subtitle = "महाराष्ट्र, १९९१ ते २०११: दर हजार पुरुषांमागे स्त्रिया; ० ते ६ वयोगटात\nदर हजार मुलग्यांमागे मुली",
  caption = "स्रोत: जनगणना १९९१, २००१, २०११ (अंतिम आकडे)"
)
```

ओळ कुठे तोडायची हे तुम्ही ठरवा, सॉफ्टवेअरवर सोडू नका. ‘किंचित’ एका ओळीत आणि ‘सावरले’ दुसरीत गेले की वाचताना अडखळते. दोन ओळींपेक्षा लांब शीर्षक झाले तर बहुतेक वेळा त्यात उपशीर्षकाचा माल शिरलेला असतो. डावीकडे चिकटलेले शीर्षक मधोमध ठेवलेल्यापेक्षा दोन ओळींत नीट वाचता येते. पायथनच्या `matplotlib` मध्ये देवनागरीतली ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे अनेकदा विस्कटतात. तसे दिसले तर आलेख शीर्षकाविना साठवा आणि शीर्षक दस्तऐवजात किंवा स्लाइडवर टाइप करा.

एक्सेलमध्ये उपशीर्षकाची वेगळी जागा नसते. शीर्षकाच्याच चौकटीत दुसरी ओळ घेऊन ती लहान व फिकट करता येते. आणि एक सवय लावून घ्या: एकच मालिका असलेल्या आलेखाला एक्सेल स्तंभाचे नाव आपणहून शीर्षक म्हणून चिकटवते, ते तसेच राहू देऊ नका.

## दर महिन्याला बदलणारा आलेख

ज्या आलेखाचे आकडे आपोआप ताजे होतात, तिथे हाताने लिहिलेला निष्कर्ष पुढच्या महिन्यात खोटा ठरू शकतो. तालुक्याच्या जन्मनोंदणीचा आलेख घ्या. मार्चमध्ये ‘घसरले’ लिहिले, एप्रिलमध्ये रेषा वर गेली आणि शीर्षक तसेच लटकत राहिले. अशा ठिकाणी एक्सेलमध्ये शीर्षक एखाद्या खान्याला जोडता येते. शीर्षकावर क्लिक करून वरच्या सूत्रपट्टीत `=` टाइप करा आणि तो खाना निवडा. सूत्र त्या खान्यात लिहावे लागते, थेट शीर्षकात ते चालत नाही:

```
="जन्मावेळचे लिंग गुणोत्तर "&B2&" वरून "&B3&" वर "&
 IF(B3<B2,"घसरले",IF(B3>B2,"गेले","च राहिले"))
```

आकडे सारखेच आले तर हे वाक्य ‘९०२ वरून ९०२ वर च राहिले’ असे वेडेवाकडे होईल, तेव्हा त्या शक्यतेसाठी पूर्ण वेगळे वाक्य लिहिणे बरे. खान्याला जोडलेल्या शीर्षकात अर्धा भाग मोठा, अर्धा लहान करता येत नाही, त्यामुळे उपशीर्षकासाठी वेगळी मजकूर-चौकट घ्यावी लागते. आणि सूत्राला फक्त वर की खाली एवढेच कळते. तालुक्यात महिन्याला शे-दीडशेच जन्म होत असतील, तर गुणोत्तर नुसत्या योगायोगानेही शंभराने हलते, आणि सूत्र त्यालाही इमानेइतबारे ‘घसरले’ म्हणेल. अशा छोट्या आकड्यांच्या आलेखाला मी मोजमापाचे साधे नावच ठेवतो आणि निष्कर्ष वर्षाच्या एकत्रित आकड्यासाठी राखतो. सांख्यिकी पुस्तिकांनाही तेच लागू. तिथे वाचक स्वतःचा प्रश्न घेऊन येतो, त्याला हवा असतो तो जिल्हा आणि ते वर्ष. आपल्या निष्कर्षाने तिथे त्याची वाट अडवायची नसते.